पाइप कुणी तुंबवला आणि छत कुणाचं गळलं?

पत्र

साताऱ्यात आमचं तळमजला आणि वर दोन मजले असं घर आहे. खाली मी राहते, वर दोन भाडेकरू. गच्चीची किल्ली दुसऱ्या मजल्यावरच्यांकडे असते, त्यांच्या कुंड्या वर आहेत. कपडे मात्र सगळेच वाळत घालतात. गेल्या जुलैत गच्चीचा एक पाइप तुंबला आणि दुसऱ्या मजल्याच्या बेडरूमचं छत गळलं. प्लंबरचे 1,200 आणि गिलावा-रंगाचे 7,300 असे 8,500 रुपये मी भरले. यंदा आधीच सांगावं म्हणून जिन्यात कागद लावला : ‘पावसाळ्यापूर्वी गच्चीचे पाइप साफ करावेत. न केल्यास होणाऱ्या नुकसानीस भाडेकरू जबाबदार राहतील.’ दुसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, ‘गच्चीचं भाडं आम्ही देत नाही.’ पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, ‘आमच्या डोक्यावर गच्चीच नाही, आमचा काय संबंध?’ मी काय चुकीचं लिहिलं? आणि गेल्या वर्षीचे पैसे दुसऱ्या मजल्याच्या डिपॉझिटमधून कापू का?

— एक घरमालकीण, सातारा

उत्तर

ताई, डिपॉझिटला आत्ता हात लावू नका. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी तुमच्या गच्चीवर चढावं लागेल. माझी निम्मी नोकरी दुसऱ्यांच्या गळक्या छतांखाली मान वर करून उभं राहण्यात गेली आहे. तेवढ्या काळात ‘पाइप तुंबला म्हणून छत गळलं’ हे वाक्य मी शेकड्याने ऐकलं असेन. त्यातला पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो आणि दुसरा अर्धाच.

तुमची गच्ची 900 चौरस फुटांची धरू, म्हणजे साधारण 84 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, एवढा साधा हिशेब आहे. तासात 30 मिलिमीटरची सर आली, तर गच्चीवर अडीच हजार लिटर पाणी पडतं. दोन कोपऱ्यांत दोन पाइप असतील, तर गवंड्याने मध्ये उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार दिलेला असतो, आणि त्या उताराने निम्मं पाणी एका पाइपकडे जातं. तो बंद असला की तासाभरात बाराशे लिटर पाणी त्या कोपऱ्यात तळं करून बसतं. दुसरा पाइप उघडा असला तरी हे पाणी लगेच तिकडे जात नाही. उतार शंभरात एक असेल आणि उंचवटा पंधरा फुटांवर असेल, तर कोपऱ्यात जवळजवळ दोन इंच पाणी साठल्यावरच ते उंचवटा ओलांडतं. पाऊस थांबल्यावर ते दोन इंच तिथेच राहतं, कारण त्याला जायला वाट नाही.

आता मुद्द्याचं. ठाकठीक कोब्यावर दोन इंच पाणी रात्रभर राहिलं, तरी खालच्या खोलीत थेंब पडता कामा नये. नवा कोबा झाल्यावर गवंडी स्वतः गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस ठेवतो आणि खालून छत बघतो. तुमचं छत एका तुंबलेल्या पाइपने गळलं, याचा अर्थ पाणी साठलं ही एक गोष्ट झाली आणि साठलेल्या पाण्याला आत शिरायला भेग सापडली ही दुसरी. कोबा आणि कठडा जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलावा मारलेला असतो, गवंडी त्याला वाटा म्हणतात. भेग बहुतेक तिथे किंवा पाइपच्या तोंडाभोवती असते. उन्हाळ्यात साताऱ्याच्या उन्हाने कोबा तापतो, फुगतो, रात्री आकसतो आणि पाचसहा वर्षांत कडेला केसाएवढी फट पडते. एरवी पाणी तिच्यावरून वाहून जातं. तुंबलं की तिच्यातच मुरतं.

म्हणून तुमच्या 8,500 रुपयांची बेरीज मी मोडून ठेवतो. प्लंबरचे 1,200 हे कचऱ्याचे पैसे आहेत आणि त्यांच्याबद्दल भाडेकरूंशी बोलता येईल. गिलावा-रंगाचे 7,300 हे भेगेचे पैसे आहेत, आणि भेग मालकाची. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच : तुम्ही खालून गिलावा आणि रंग केला, वर वाटा दुरुस्त केल्याचा उल्लेखच नाही. तो केला नसेल, तर यंदा पाइप चकचकीत असूनही तिथे पुन्हा ओल येऊ शकते, आणि मग तुमचा जिन्यातला कागद तुमच्यावरच उलटेल.

खरं काय आहे हे ओळखायला इंजिनिअर बोलवायलाच हवा असं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना दोन प्रश्न विचारा. पाऊस किती वेळ पडल्यावर डाग ओला झाला, आणि पाऊस थांबल्यावर किती वेळाने वाळायला लागला? गच्चीवर पाणी दिसत होतं तेव्हाच डाग होता आणि पाइप मोकळा केल्यावर एकदोन दिवसांत सुकत गेला, तर फट कडेला, वरच्या बाजूला आहे, म्हणजे पाणी साठल्याशिवाय तिथवर पोचत नाही. पाइप वाहत असताना, साध्या रिपरिपीतही डाग वाढत होता, तर कोब्यातच दोष आहे आणि पाइपाची साफसफाई त्याला औषध नाही. आणि डाग मे महिन्यातही ओला असेल, तर पावसाला दोष देऊ नका, वर पाण्याची टाकी किंवा तिची नळी कुठे आहे ते बघा. ताई, हे विचारायला जिना चढून वर जा, फोनवर विचारू नका. त्या बाईंच्या बेडरूममध्ये पाणी पडलं होतं. त्यांच्या ‘गच्चीचं भाडं देत नाही’मध्ये गेल्या जुलैतल्या ओल्या गादीचा राग आहे, असा माझा अंदाज.

आता तुमचा कागद. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात बसवल्यात : ‘पाइप साफ करणे’. जाळीवर बसलेला पाला उचलणं हे झाडूचं काम आहे, दहा मिनिटांचं, आणि ते जो गच्ची वापरतो त्याने करणं रास्त आहे. भिंतीवरून खाली उतरणाऱ्या पाइपातला बोळा काढणं, निखळलेला जोड बसवणं, उतार सुधारणं, वाटा मारणं हे कारागिराचं काम आहे आणि ते घरमालकाचंच. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बाहेरच्या भिंतीवरच्या पाइपाला हात घालायला भाडेकरूला चुकूनही सांगू नका. तो पडला तर 8,500 रुपयांची आठवणसुद्धा राहणार नाही.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याच्या कलम 14 नुसार, भाडेकरूशी वेगळा करार झालेला नसेल तर जागा राहण्याजोगी, दुरुस्त ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. तुमचे भाडेकरू अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर असतील, तर हे कलम त्यांना जसंच्या तसं लागू होतं असं समजू नका. तिथे करारनाम्यात काय लिहिलंय तेच आधी बघितलं जातं. म्हणून कपाटातून तो करारनामा काढा. बहुतेक छापील मसुद्यांत ‘किरकोळ दुरुस्ती वापरणाऱ्याने, मोठी दुरुस्ती मालकाने’ अशा अर्थाचं वाक्य असतं आणि गच्चीचं नावही नसतं. करारनामा नोंदवलेलाच नसेल तर तुमची बाजू आणखी लंगडी. याच अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तो नसला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा सही झाल्यानंतर जिन्यात चिकटवलेल्या कागदाने जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. तो कागद आठवण म्हणून चालेल, अट म्हणून नाही.

डिपॉझिटचंही यातूनच ठरतं. गेल्या जुलैचा खर्च, तेव्हा हिशेब मांडला नाही, कुंडीतल्या मातीनेच पाइप तुंबला याचा फोटो नाही, आणि तो आता दहा महिन्यांनी कापायचा, हे त्यांना पटणार नाही आणि तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. प्लंबरने पाइपातून नक्की काय काढलं होतं, ते आठवतं का?

हे विचारण्याला कारण आहे. सांगलीला मी भाड्याने राहत होतो तेव्हा आमची गच्ची अशीच तुंबली. घरमालकांनी सगळ्यांसमोर माझ्या कुंड्यांकडे बोट दाखवलं. मीही मान खाली घातली, कारण माती वाहून जाते हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. खालचा बेंड उघडल्यावर निघाला भांडी घासायचा काथ्या, त्याच्याभोवती पारव्याची पिसं, कपड्यांचे दोन चिमटे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा पातळ प्लास्टिक पिशवीचा तुकडा. माती होती, पण ती या बोळ्याच्या वर येऊन बसली होती. जाळी कुठे गेली, तर आदल्या वर्षी एका शेजाऱ्याने उपटून काढली होती. जाळीवर पाला साठतो आणि पाणी थांबतं, म्हणून जाळीच काढून टाकली की पाणी भसकन जातं, हा त्यांचा हिशेब. गेलंही, पहिल्या वर्षी. जाळी काढलेली गच्ची एक पावसाळा झकास वाहते आणि दुसऱ्या पावसाळ्यात बेंडात अडते. तुमच्या दोन्ही पाइपांवर जाळ्या आहेत का, हे उद्याच बघा. सपाट जाळी असेल तर बदलून घुमटाची घ्या. सपाट जाळीवर जांभळाची दोन मोठी पानं पसरली तरी तोंड झाकलं जातं, घुमटाच्या जाळीला बाजूनेही पाणी जातं. हा खर्च तुमचा.

तपासणी अशी करा, आणि शक्य असेल तर तिन्ही घरांतलं एकेक माणूस असताना करा. आधी गच्ची कोरडी झाडा आणि कचरा पोत्यात भरून खाली न्या. पाण्याने धुवून ‘पाइपातून जाऊ दे’ करणं हाच गेल्या वर्षीच्या बोळ्याचा जन्म असू शकतो. मग जाळी काढा, हातमोजा घालून तोंडात कोपरापर्यंत हात घालून चाचपा. त्यानंतर 15-20 लिटरच्या दोन बादल्या लागोपाठ ओता आणि एकाला खाली अंगणात पाइपाच्या शेवटाशी उभं करा. पाणी काही क्षणांतच आणि वरून जातंय त्याच जोराने खाली यायला हवं. वर तोंडाशी पाणी चढतंय आणि खाली करंगळीएवढी धार येतेय, तर बोळा आहे, आणि तो बहुतेक सगळ्यांत खालच्या वळणात. खाली काहीच आलं नाही पण भिंतीवर मध्येच ओल उमटली, तर जोड सुटलाय.

बोळा असेल तर वरून बांबू घालू नका. हा मोह सगळ्यांना होतो. बांबूने बोळा सुटत नाही, वळणात आणखी ठासला जातो, आणि पीव्हीसीचं वळण फुटलं तर नवा खर्च. बोळा खालून काढतात, बेंडाला झाकण असेल तर ते उघडून, नसेल तर खालचा तुकडा सोडवून. तेव्हा माणसाने समोर उभं राहायचं नाही. चार इंची पाइपाच्या दहा फुटांत जवळजवळ 25 लिटर पाणी मावतं. वीस फूट पाइप भरलेला असेल तर पन्नास लिटर काळं पाणी एका दमात बाहेर येतं. आमच्याकडे ते प्लंबरच्या अंगावर आलं होतं, आणि त्याने नंतर त्या दिवसाची मजुरी दुप्पट मागितली, ती योग्यच होती. अ‍ॅसिड ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पानं, पिसं आणि प्लास्टिक त्याने विरघळत नाही, आणि पाइप उघडणाऱ्याचे हात मात्र भाजतात.

बोळ्याबरोबर एक गोष्ट आठवणीने बघायला सांगते माझी बायको, तिच्या शब्दांत, ‘पिंपळाचं बाळ’. पाइपाच्या तोंडाशी किंवा कठड्याच्या फटीत चार पानांचं पिंपळाचं किंवा वडाचं रोप असेल, तर ते वरून खुडू नका. खुडलं की मूळ आत राहतं आणि फट रुंदावतं. फट थोडी उकरून मूळ काढायचं आणि लगेच सिमेंटने बुजवायची. हे पावसाआधी, कोरड्या कोब्यावरच होतं, म्हणून वाटा आणि फटीचं काम मे महिना संपायच्या आत उरका. सिमेंट टाकल्यावर सहासात दिवस त्यावर पाणी मारावं लागतं, आणि वळवाचा पाऊस कधी येईल याचा नेम नसतो.

वळीव म्हणताना वेळेचंही सांगतो, कारण तुमच्या कागदात ‘पावसाळ्यापूर्वी’ एवढंच आहे आणि प्रत्येकजण ते आपल्या सोयीने वाचतो. मे महिन्यात एकदा साफ करून चालत नाही. वळवाचा वारा झाडाची सगळी वाळकी पानं गच्चीवर आणून टाकतो. मग मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा, कारण कोब्यावरची वर्षभराची धूळ त्याच दिवशी जाळीवर येऊन बसते. पुढे दर रविवारी जाळीवर एक नजर. साताऱ्याला जुलै-ऑगस्टमध्ये दिवसदिवस झड लागते, तेव्हा पाऊस जोराचा नसतो पण पाणी आटायला ऊन मिळत नाही. आणि परतीच्या पावसाला लोक विसरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरची एक तासाची सर जुलैच्या दिवसभराच्या झडीपेक्षा पाइपाला जड जाते.

एवढं सगळं दर रविवारी कोण करणार? इथे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, दोन्ही भाडेकरू आणि तुम्ही, तिघांनी आळीपाळीने एकेक महिना घ्यायचा. हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्यांच्या घरात थेंब पडणार नाही, त्यामुळे त्यांचा महिना विसरला जाणार. कपडे वाळत घालतात तेवढ्यापुरता त्यांचा संबंध आहे, म्हणून चिमटे आणि पिशव्या उचलण्याची जबाबदारी त्यांची, बस. दुसरी वाट मला जास्त पटते. किल्ली ज्यांच्याकडे, जाळी त्यांच्याकडे. दुसऱ्या मजल्यावरच्यांना गच्चीचा खास वापर आहे, आणि तुंबलं तर पहिला त्रास त्यांनाच. त्यांनी जून ते ऑक्टोबर जाळी बघायची, आणि तुम्ही त्याच्या बदल्यात कुंड्या ठेवू द्यायच्या. कुंड्या मात्र पाइपापासून पाच फूट लांब, खाली ताटली आणि कोब्यापासून विटेवर उचललेल्या. त्यांना हे नको असेल तर किल्ली तुम्ही परत घ्या आणि महिन्यातून चारदा वर जाणारा माणूस तुमच्या पैशाने ठेवा. दोन्ही चालेल. किल्ली त्यांची आणि जाळी कुणाचीच नाही, हे मात्र चालणार नाही.

जिन्यातला कागद काढा आणि त्याजागी असं काहीतरी लावा :

‘सर्वांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी 9 वाजता गच्चीचे दोन्ही पाइप पाणी ओतून तपासणार आहोत. शक्य असेल त्यांनी यावे. पाइप, जोड, जाळ्या आणि कोबा यांची दुरुस्ती मी माझ्या खर्चाने करून घेते. गच्चीवरचे चिमटे, पिशव्या, कुंड्यांची माती ज्याची त्याने उचलावी. जून ते ऑक्टोबर जाळीवरचा पाला दर रविवारी दुसऱ्या मजल्यावरचे काढतील, असे आमचे बोलणे झाले आहे. पाणी साठलेले कुणालाही दिसले तर लगेच मला फोन करावा, रात्री असला तरी.’

यातलं ‘असे आमचे बोलणे झाले आहे’ हे बोलणं झाल्यावरच लिहायचं, बरं का. आणि फोनचं वाक्य गाळू नका. तुमच्या जुन्या कागदामुळे झालं असतं काय, तर गच्चीवर तळं दिसलं तरी भाडेकरू गप्प बसले असते, आपल्यावर येईल म्हणून. तुम्हाला कळायचं ते खाली डाग पडल्यावर.

तपासणीच्या दिवशी दोन्ही तोंडांचे, जाळ्यांचे आणि कडेच्या वाट्याचे मोबाइलवर फोटो काढा आणि तिघांच्या ग्रुपवर टाका. उद्या कुणी जाळी काढली किंवा पाइपात वॉशिंग मशीनची नळी सोडली, तर बोलायला आधार राहतो. पुढच्या वेळी करारनामा नव्याने कराल तेव्हा त्यात गच्चीचं एक वाक्य घालून घ्या : गच्ची कोणी, कशासाठी वापरायची, जाळी कोणी साफ ठेवायची, आणि वापरणाऱ्याच्या सामानामुळे पाइप तुंबल्याचं दिसलं तर फक्त पाइप मोकळा करण्याचा खर्च त्याचा. ‘होणाऱ्या सर्व नुकसानीस’ असं लिहू नका; त्या ‘सर्व’मध्ये तुमची भेगसुद्धा येते आणि ती कुणी शहाणा भाडेकरू सही करून घेणार नाही.

1,200 रुपयांचं काय, हे राहिलंच. मी तुमच्या जागी असतो तर सोडून दिले असते, आणि वर जाऊन बेडरूमचं छत बघताना तसं सांगितलंही असतं. मागायचेच असतील तर प्लंबरला फोन करून त्या पाइपातून काय निघालं होतं ते आधी विचारा.